गेलेलं परत आणण्याचा नाद



मंडळानं मला विषय दिला तो 'जुगार, लॉटरी आणि मोबाइलवरची सट्टेबाजी'. निमंत्रण द्यायला आलेले सरचिटणीस म्हणाले, "डॉक्टर, जरा कडक बोला, मुलं ऐकायला येणार आहेत." मी हो म्हणालो. पण तयारीला बसलो तेव्हा कडक बोलण्यासारखं माझ्याकडे फारसं काही निघालं नाही. जुगारी माणसाशी कडक बोलण्याचं काम आमच्या घरानं पूर्वीच करून पाहिलं आहे. सुरुवात तिथूनच करतो.

माझे धाकटे काका शहापुरात भुसाराचं छोटं दुकान चालवत. मी दहा-अकरा वर्षांचा असेन, म्हणजे साल १९७१-७२. तेव्हा आपल्याकडे मुंबईचा आकडा जोरात होता. कापसाच्या न्यूयॉर्कच्या भावावर मुंबईत लोक पैसे लावत, त्यातून ही पद्धत निघाली. ते भाव थांबल्यावर साठच्या दशकात चिठ्ठ्या मडक्यात घालून आकडा काढायला लागले, म्हणून मटका. पुढे मडकं गेलं आणि पत्ते आले, पण नाव राहिलं. रात्री ओपन, मध्यरात्रीच्या सुमारास क्लोज. आमच्या गल्लीत आकडा कळल्याशिवाय झोपत नसलेली घरं मी मोजू शकलो असतो.

काका आकडा लावतात हे घरात कळलं ते आजीच्या पाटल्या नाहीशा झाल्या तेव्हा. आजोबांनी त्यांना दुकानातून काढलं. घरातलं कोणी त्यांच्याशी बोलेना. पंगतीत बसले तर दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहायची. माझे वडील स्वभावानं मऊ, पण तेसुद्धा सात-आठ वर्षं सख्ख्या भावाशी बोलले नाहीत. काका पुढे निपाणीला एका नातेवाइकांच्या वखारीत हिशेब लिहायला राहिले आणि तिथेच वारले. त्यांची ट्रंक आणायला मला पाठवलं, कारण मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मोकळा होतो.

ट्रंकेत एक लांबट वही होती. पहिल्या पानावर, जैन घरात वही सुरू करतात तसं, वर देवाचं नाव आणि खाली एकच नोंद: 'आईच्या पाटल्या, चार तोळे.' पुढची सगळी पानं आकड्यांची. किती लावले, किती आले, बाकी किती. दर महिन्याअखेर ती बाकी त्या चार तोळ्यांतून वजा केलेली किंवा त्यांत मिळवलेली. नऊ वर्षं माणूस पाटल्या परत आणायला खेळत होता. आम्ही घरात त्याला हावरट म्हणत होतो.

ती वही वाचल्यापासून मला लोभ या शब्दाचा वापर जपून करावासा वाटतो. लोभ असतो, नाही असं नाही. आमच्या शास्त्रात लोभ हा चार कषायांपैकी एक, आणि सात व्यसनांच्या यादीत पहिलं नाव द्यूताचं आहे. दशलक्षण पर्वात उत्तम शौचाचा दिवस येतो. शौच म्हटलं की लोकांना आंघोळ आठवते, पण तिथे त्याचा अर्थ लोभाचा मळ जाणं असा आहे. लहानपणापासून हे ऐकत आलो. पण दवाखान्यात अडतीस वर्षं बसून जे दिसलं ते असं: लोभ माणसाला पहिल्या दिवशी तिथे नेतो. दुसऱ्या महिन्यापासून त्याला तिथे धरून ठेवते ती आशा, गेलेलं परत आणण्याची. पहिला रुपया मिळवण्यासाठी लावलेला असतो, शंभरावा रुपया पहिले नव्व्याण्णव सोडवण्यासाठी.

तुम्ही म्हणाल, होमिओपॅथीच्या डॉक्टरला हे कसं दिसणार? आमच्या पद्धतीत पेशंटला पुष्कळ विचारावं लागतं. झोप कशी, तहान कशी, स्वप्नं कोणती. एकदा एका गृहस्थांना स्वप्नाचं विचारलं तर ते उत्साहानं म्हणाले, "डॉक्टर, परवा साप दिसला, सापाचा आकडा लावला आणि एका घरानं हुकला बघा!" मी पोटाच्या तक्रारीची केस लिहीत होतो. त्या एका वाक्यात त्यांची ॲसिडिटी, रात्रीचं जागरण आणि बायकोशी अबोला, तिन्हींचा उलगडा झाला. आणि हे आत्ताच सांगतो, या रोगावर माझ्याकडे गोळी नाही. माझ्या साबुदाण्यांनी कुणाचा जुगार सुटला असं मी सांगितलं तर तो दुसरा जुगार होईल.

'एका घरानं हुकला' यावर थोडं बोलायला हवं. सत्तेचाळीस लावला आणि अठ्ठेचाळीस आला, तर सत्तेचाळीसवाल्याचं नुकसान तितकंच होतं जितकं तीन लावणाऱ्याचं. पण त्याला तसं वाटत नाही. त्याला वाटतं, आपण जवळ आलोय. पुढच्या सोडतीला मागच्या सोडतीची आठवण नसते, पण माणसाला असते. म्हणूनच हे लोक जुने चार्ट घेऊन बसतात, रेघा ओढतात, कुठला आकडा 'थकलाय' ते शोधतात. निवृत्त शिक्षक, हुशार माणसं, तासन् तास. हरल्यावरही त्यांना वाटत नाही की पद्धत चुकली, वाटतं की आपली रेघ थोडी चुकली.

हिशेब खरं तर पाचवीतल्या मुलालाही करता येतो. एका आकड्याला एकास नऊ मिळतात, आकडे मात्र दहा. समजा दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले. शंभर गेले, एक आकडा नक्की लागला, नव्वद हातात आले. म्हणजे जिंकण्याची खात्री असतानासुद्धा दहा गेले. तेच नव्वद पुन्हा तसेच लावले तर एक्याऐंशी उरतात. सातव्या फेरीअखेर शंभराचे अठ्ठेचाळीसही राहत नाहीत. आणि यात मी गृहीत धरलंय की आकडा प्रामाणिकपणे काढला जातो. ज्यावर कमी पैसे लागलेत तोच आकडा काढण्याची मुभा मडकेवाल्याला असते, हे खेळणाऱ्यालाही ठाऊक असतं.

लॉटरीचं थोडं वेगळं आहे. महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ पासून आहे, गोव्यातही सरकारी लॉटरी चालते, आपल्या कर्नाटकात ती २००७ पासून बंद आहे. तरी चंदगडकडच्या पाहुण्याला सांगून दर आठवड्याला एक तिकीट मागवणारे आजोबा माझ्या ओळखीचे आहेत. तिकीट पाकिटात ठेवतात, सोडत होईपर्यंत नातीच्या लग्नाचा मांडव मनात घालतात, मग तिकीट फाडून टाकतात. त्यांना मी रोगी म्हणणार नाही. आठवड्याला एवढ्या पैशात कुणी चहा पितो, हे मांडव घालतात. रोग कुठे सुरू होतो ते ओळखायला मी तीन गोष्टी विचारतो. किती लावले याबद्दल घरात खोटं बोलावं लागतं का? हरल्यावर ते भरून काढायला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं का? आणि चार दिवस थांबलं तर चिडचिड होते, झोप उडते का? आजोबांची तिन्ही उत्तरं नाही अशी होती. काकांची तिन्ही हो असती. आम्ही विचारलं नाही एवढंच.

आता मोबाइलकडे येतो, कारण मटक्याला निदान रात्र होईपर्यंत थांबावं लागायचं.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मशीनवर काम करणारा सत्तावीस वर्षांचा मुलगा, पगार बावीस हजार. त्याची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. त्याच्या आईनं त्याला माझ्याकडे आणलं ते डोकेदुखीसाठी. दिवसा डुलक्या, रात्री जाग, वजन सहा किलो उतरलेलं, आणि बोलताना फोन उपडा ठेवलेला. दर दोन मिनिटांनी हात तिकडे जायचा.

खेळ असा. पडद्यावर लाल किंवा हिरवा रंग निवडायचा. दर तीन मिनिटांनी निकाल. बरोबर आला तर दुप्पट, त्यातून दोन टक्के कापून. मित्रानं टेलिग्रामवरच्या एका गटात घातलं होतं, तिथे कुणी 'सर' रोज रंग सांगायचे. पहिल्या आठवड्यात त्याला अठराशे रुपये सुटले आणि ते खरंच बँकेत आले. त्यानं आईला कुकर आणला. त्या कुकरनं घराचं जेवढं नुकसान केलं तेवढं पुढच्या कुठल्याही हरण्यानं केलं नाही, कारण पैसे खरोखर येतात याचा पुरावा आता ओट्यावर होता.

मग त्याला दुपटीची युक्ती शिकवली गेली. शंभर लाव, हरलास तर दोनशे, मग चारशे, आठशे. एकदा तरी जिंकशीलच आणि सगळं वसूल होईल. ऐकायला बिनतोड आहे. आम्ही दवाखान्यात बसून कागदावर मांडलं. ओळीनं सात वेळा हरलं तर बारा हजार सातशे गेले, आठव्याला बारा हजार आठशे लावायचे, एकूण झाले पंचवीस हजार पाचशे. समजा आठवी फेरी जिंकलास. दोन टक्के कापून हातात येतात पंचवीस हजार अठ्ठ्याऐंशी. म्हणजे जिंकूनही चारशे बारा रुपये खिशातून. तो कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, "मी हे कधी लिहून बघितलंच नाही." मग म्हणाला, "पण सात वेळा ओळीनं कोण हरतंय?" तीन मिनिटांची एक फेरी, म्हणजे पाच तासांत शंभर फेऱ्या. शंभर फेऱ्यांत कुठेतरी ओळीनं सात हार येण्याचा संभव साधारण तीनांत एक. म्हणजे तीन रात्रींत एखादी रात्र. आणि हेही रंग प्रामाणिक असतील तर. रंग ठरवणाऱ्या यंत्रणेला कुणी किती कशावर लावले ते दिसत असतं.

हे सगळं त्याला समजलं. समजून त्यानं थांबायला हवं होतं, नाही का? त्याच रात्री तो खेळला. इथे आपण शिकलेली माणसं चुकतो. आपल्याला वाटतं की गणित पटलं म्हणजे झालं. त्याचं उत्तर मात्र सरळ होतं: "गणित पटलं, डॉक्टर. पण घातलेले परत कसे येणार?"

इथे माझी एक चूक सांगतो. दोन दिवसांनी तो एकटा आला, रडला. लोन ॲपवाले ओळखीच्या सगळ्यांना फोन करतायत, फक्त दहा हजार द्या, आजच्या दिवस वाचेन. मी दिले. मला काका आठवले, त्यांना कुणी काही दिलं नव्हतं. माझे दहा हजार संध्याकाळपर्यंत लाल-हिरव्यात गेले. मला दया आली होती हे खरं, पण ती मी रोगाला खाऊ घातली. तीच चूक मोठ्या प्रमाणात त्याच्या वडिलांनी आधी केली होती. त्यानं "ऐंशी हजार झालेत" म्हटल्यावर मुदत ठेव मोडून पैसे त्याच्या हातात दिले, देवासमोर शपथ घेतली आणि विषय बंद केला. दोन महिन्यांत पुन्हा तेच. शपथ मनापासून घेतलेली होती. पण हातात रोख, फोनमध्ये यूपीआय आणि डोक्यात 'एवढं एकदा भरून काढू' हे तिन्ही एकत्र असताना शपथ बिचारी काय करणार?

आणि ते ऐंशी हजार खरे नव्हतेच. ज्यांच्या घरात हे चाललं असेल त्यांनी ध्यानात ठेवावं, पहिल्यांदा सांगितलेला आकडा पुरा नसतो. माणूस फसवायला कमी सांगतो असं नाही. समोरच्याचा चेहरा किती सोसेल तेवढंच सांगतो, आणि उरलेलं तो जिंकून गुपचूप फेडणार असतो. न सांगितलेली रक्कम हीच त्याच्या पुढच्या खेळाची कारणं असते.

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. रागवायचं नाही आणि फेडायचंही नाही, आधी फक्त लिहायचं. आई, थोरला भाऊ, तो आणि मी, तीन संध्याकाळ. बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट काढलं. क्रेडिट रिपोर्ट मागवला, तो वर्षातून एकदा फुकट मिळतो आणि त्यात बँकांची, नोंदणीकृत कंपन्यांची कर्जं दिसतात. मित्रांकडचे, सावकाराचे आणि बेकायदा ॲपचे दिसत नाहीत, ते विचारूनच काढावे लागतात. तिसऱ्या संध्याकाळी यादी पुरी झाली: मित्रांचे साठ हजार, ॲपचे पंच्याऐंशी हजार, आईच्या दागिन्यांवर एक लाख चाळीस, पतसंस्थेचे एक लाख, त्याला भाऊ जामीन. एकूण तीन लाख पंच्याऐंशी हजार. दागिन्यांचं आईला तेव्हाच कळलं. ती उठून आत गेली, चहा ठेवला, आणि चौघांना चहा दिल्यावर म्हणाली, "लिही, अजून काय असेल ते लिही." त्या माउलीला मी मनात नमस्कार केला.

त्याच संध्याकाळी मी त्याला एकट्याला घेऊन विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो अशी लोकांची भीती असते. तसं होत नाही. तो म्हणाला, "दोनदा रुळापर्यंत जाऊन आलो." दुसऱ्या दिवशी भाऊ त्याला धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत, डिमहान्सला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी उपचार सुरू केले, अजून ते चालू आहेत. ज्यांना जाणं जमत नाही त्यांच्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जुगार हा आता वैद्यकाच्या पुस्तकातसुद्धा दारूच्या शेजारी व्यसनांमध्ये लिहिला जातो. त्यात लाज वाटण्यासारखं मधुमेहापेक्षा जास्त काही नाही.

मग पैशाची व्यवस्था. पगार आई आणि भावाच्या संयुक्त खात्यातून फिरवायचा. फोनमधून यूपीआय काढलं, साधा बटणांचा फोन दिला. रोज शंभर रुपये हातखर्च. फेडायचं ते घेणेकऱ्याला थेट, त्याच्या हातून नाही. आधी दागिने, कारण लिलावाची नोटीस आली होती, मग पतसंस्था, मित्रांना समोर बसवून सांगितलं की मिळतील, पण सावकाश. धमक्या देणाऱ्या ॲपची तक्रार १९३० वर केली. महिन्याला अकरा हजार, म्हणजे व्याज सोडून पस्तीस महिने. वडिलांना हे फार वाटलं. म्हणाले, "शेताचा तुकडा विकून एका दिवसात मोकळं करू." मी हात जोडले. एका दिवसात मोकळा झालेला माणूस एका दिवसात परत अडकतो.

अजून एक गोष्ट त्या यादीत नव्हती, ती चौथ्या दिवशी निघाली. त्यानं आपलं बँक खातं कुणाला तरी महिना तीन हजार भाड्यानं दिलं होतं. या धंद्यांचे पैसे अशाच पोरांच्या खात्यांतून फिरतात, आणि पोलिस येतात ते खातेदाराकडे. ते खातं आम्ही वकिलाला सोबत घेऊन, लेखी कळवून बंद केलं. समोर तरुण मुलं बसली आहेत त्यांना एवढंच, कुणी खातं, एटीएम कार्ड, सिम मागितलं तर देऊ नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. त्यात खेळवणारा, जाहिरात करणारा आणि पैसे फिरवणारा यांना शिक्षा आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. म्हणजे खेळून फसलेल्यानं मदत मागायला घाबरू नये, पण खातं भाड्यानं देणारा मात्र पैसे फिरवणाऱ्यांत मोडू शकतो. कायद्यानं मोठी दुकानं बंद झाली, गल्लीतली नवीन नावानं उघडतात.

ऋग्वेदात, दहाव्या मंडळात, एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. त्याचे फासे बेहड्याच्या फळांचे होते, आपल्या त्रिफळ्यातला तोच बेहडा. सासू त्याचा द्वेष करते, बायको दूर लोटते, आईबाप आणि भाऊ म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या पंगतीतली काकांच्या दोन्ही बाजूंची रिकामी पानं डोळ्यांसमोर आली. त्या सूक्तात शेवटी त्याला शेती करायला सांगितलं आहे. पण हिशेब कुणी विचारलेला दिसत नाही.

त्या मुलाचं पुढचं सांगतो आणि थांबतो. सहा महिने नीट गेले. सातव्या महिन्यात दिवाळीचा बोनस कारखान्यानं रोख दिला. रात्री अकराला माझ्या घरचा फोन वाजला. आमचं ठरलं होतं की घसरलास तर त्याच दिवशी सांगायचं, किती ते सांगायचं, आणि आम्ही कुणी ओरडायचं नाही. मित्राच्या फोनवरून खेळला होता. म्हणाला, "डॉक्टर, तीन हजार गेले. उरलेले आईकडे दिलेत."

सकाळी भावानं मित्राकडे चौकशी केली, बोनसची पावती पाहिली, आईकडचे पैसे मोजले. तीन हजारच होते.